आधीच्या शोधनिबंधाशी मजकूर जुळत असल्याची विचारणा झाल्यास संपादकांना उत्तर कसे लिहावे

मसुद्यातील मजकूर तुमच्याच आधीच्या प्रसिद्ध लेखाशी जुळतो, असे संपादकांचे पत्र आले की लेखकांकडून बहुधा दोन प्रकारची उत्तरे जातात. एक, ‘मजकूर आमचाच आहे, त्यामुळे चौर्याचा प्रश्नच येत नाही’. आणि दुसरे, ‘वाक्ये बदलून साम्य दहा टक्क्यांच्या खाली आणले आहे’. संपादकांनी जे विचारलेले असते त्याला यांतल्या एकाही उत्तरात हात घातलेला नसतो. त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: नव्या लेखात खरोखर नवे काय आहे, जुने काय आहे हे वाचकाला लेखातच कळते का, आणि जुना मजकूर वापरण्याचा हक्क लेखकांना आहे का. या तिन्हींची कागदोपत्री पडताळता येतील अशी उत्तरे द्यायची, हे या पत्राचे काम आहे. पत्र लिहिणे ही या कामातली शेवटून दुसरी पायरी आहे. तिच्या आधीची तयारी वगळल्यामुळेच बहुतेक पत्रे फसतात.

पुढे सर्वत्र एकच काल्पनिक प्रकरण घेतले आहे. एका गटाने रात्रपाळी करणाऱ्या २४० परिचारिकांची पाहणी करून झोपेची गुणवत्ता आणि रक्तदाब यांच्या संबंधावर एक लेख प्रसिद्ध केला. त्यांपैकी १९८ परिचारिकांचा रक्तदाब बारा महिन्यांनी पुन्हा मोजून त्यांनी दुसरा लेख वेगळ्या नियतकालिकाकडे पाठवला. सुमारे ४,२०० शब्दांच्या या मसुद्यात एकूण साम्य ३४ टक्के आणि त्यातले २१ टक्के आधीच्या लेखाशी आहे, असे संपादकांनी कळवले व खुलासा मागितला.

१. पत्र आल्याबरोबर करायच्या गोष्टी

पत्र मिळाल्याची पोच दोन ओळींत द्यावी आणि सविस्तर उत्तर कोणत्या तारखेपर्यंत देऊ ते कळवावे. पोच देताना कोणतेही स्पष्टीकरण देऊ नये, कारण घाईने लिहिलेले एखादे वाक्य पुढे अपुरे किंवा चुकीचे ठरले तर तेच आधी खोडून काढावे लागते. त्याच दिवशी संपादकांचे पत्र सर्व सहलेखकांना जसेच्या तसे पाठवावे. पाठवलेल्या मसुद्याची मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी आणि तिच्यात एका अक्षराचाही बदल करू नये. मजकूर कोठे जुळतो हे सांगताना पृष्ठे आणि ओळी त्याच प्रतीवरून द्यायच्या आहेत.

सावधान: मसुदा मागे घेऊन तो दुसरीकडे पाठवण्याचा मोह टाळावा. मागे घेतल्याने विचारणा मिटतेच असे नाही, आणि पुढच्या संपादकांपुढे तोच साम्य-अहवाल पुन्हा येणार असतो.

२. साम्य-अहवाल मागवून स्रोतनिहाय वाचावा

पत्रासोबत अहवाल नसेल तर तो नम्रपणे मागावा. अनेक प्रकाशक क्रॉसरेफच्या साम्य-तपासणी सेवेतून ‘आयथेंटिकेट’ ही प्रणाली वापरतात. तिच्या अहवालात एक एकूण आकडा असतो आणि त्याखाली प्रत्येक स्रोताचा वेगळा आकडा असतो. एकूण आकड्यात संदर्भसूची, संस्थांची नावे, नैतिक समितीच्या मंजुरीचे ठरावीक वाक्य अशा निरुपद्रवी गोष्टीही मिसळलेल्या असू शकतात. संदर्भसूची आणि अवतरणे वगळून अहवाल काढता येतो, पण ते तपासणाऱ्याच्या निवडीवर अवलंबून असते. म्हणून एकूण आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्या प्रकरणात उरलेले १३ टक्के अनेक स्रोतांत विखुरलेले आहेत आणि त्यांतला कोणताही स्रोत दोन टक्क्यांच्या वर जात नाही. खरा प्रश्न २१ टक्क्यांचा, म्हणजे सुमारे ८८० शब्दांचा आहे.

अमुक टक्क्यांखालील साम्य सर्वत्र चालते, अशी कोणतीही सर्वमान्य मर्यादा नाही. पद्धती-विभागातले पाचशे शब्द सहज समजण्यासारखे असू शकतात, तर निष्कर्षातली दोन वाक्ये पूर्ण लेख अडचणीत आणू शकतात.

पडताळणी: अहवालात तुमच्याच पूर्वमुद्रिताचा किंवा प्रबंधाचा समावेश आहे का ते पाहावे. असल्यास तो स्रोत ओळखून पत्रात एका वाक्यात वेगळा सांगावा. तो आधीच्या प्रसिद्ध लेखाच्या आकड्यात मिसळू देऊ नये.

३. दोन्ही लेख समोरासमोर मांडावेत

अहवालातले रंगीत पट्टे पुरेसे नसतात. प्रणाली जुळणारे शब्द शोधते. शब्द बदललेले पण आकडे तेच असलेले तक्ते, तीच आकृती किंवा तोच युक्तिवाद तिच्या नजरेतून निसटू शकतो. म्हणून दोन्ही लेख शेजारी ठेवून हाताने तुलना करावी आणि तिचा तक्ता तयार करावा. आपल्या प्रकरणात तो असा झाला:

| मसुद्यातील जागा | जुळणारे शब्द, सुमारे | काय जुळते |
|---|---|---|
| प्रस्तावना, परिच्छेद २ व ३ | २१० | पूर्वीच्या संशोधनाचा आढावा |
| पद्धती | ५२० | निवड, प्रश्नावली, रक्तदाब मोजणी |
| तक्ता १, शीर्षक व टिपा | ६० | सहभागींची मूळ माहिती, आकड्यांसह |
| चर्चा, मर्यादांचा परिच्छेद | ९० | जवळजवळ संपूर्ण परिच्छेद |

संपादकांच्या अहवालात न आलेले साम्य तुम्हाला सापडले, तर तेही याच तक्त्यात नोंदवावे. संपादकांनी विचारण्याआधी तुम्ही ते सांगितले, तर बाकीच्या पत्रावर विश्वास बसतो; आणि ते पुढे समीक्षकाला सापडले, तर सगळ्या पत्रावरचा विश्वास उडतो.

४. प्रत्येक जागेचा स्वतंत्र निर्णय घ्यावा

सगळीकडे एकच उपाय लावणे ही या टप्प्यावरची मुख्य चूक आहे. वरच्या चार ओळींना चार वेगवेगळी उत्तरे लागतात.

पद्धती-विभागात तीच कृती त्याच शब्दांत सांगणे पुष्कळदा योग्यच असते. प्रकाशननीतीविषयीच्या ‘कोप’ या समितीचे मार्गदर्शनही पद्धतींमधील पुनरावृत्तीकडे इतर विभागांपेक्षा सौम्यपणे पाहते; मात्र ती उघड सांगितलेली आणि मूळ लेखाचा संदर्भ दिलेली असावी, अशी अपेक्षा असते. आकडा खाली आणण्यासाठी इथे समानार्थी शब्द पेरले तर नुकसान होते. मूळ वाक्य असे आहे: ‘पाच मिनिटे बसून विश्रांती घेतल्यानंतर उजव्या दंडावर एक मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजणी केली व शेवटच्या दोन मोजण्यांची सरासरी घेतली.’ ते बदलून ‘थोड्या विश्रांतीनंतर रक्तदाब अनेकदा मोजून सरासरी काढली’ असे केले, तर साम्य नाहीसे होते आणि त्याबरोबर पद्धतही नाहीशी होते. दुसऱ्या कोणाला ती मोजणी पुन्हा करता येणार नाही, आणि वाचकाला वाटेल की दोन्ही वेळा वेगवेगळ्या रीतीने मोजणी झाली. शिवाय दोन मोजण्यांची तुलना हाच ज्या लेखाचा पाया आहे, त्यात अशी शंका फारच महागात पडते.

योग्य मार्ग असा: सहभागींची निवड आधीच्या लेखात तपशिलाने आली आहे, म्हणून ती तीन-चार वाक्यांत आटोपून संदर्भ द्यावा, मोजणी आणि प्रश्नावली यांचे वर्णन जवळजवळ तसेच ठेवून विभागाच्या सुरुवातीला ‘हे वर्णन आमच्या आधीच्या लेखातून (संदर्भ ७) किरकोळ बदलांसह घेतले आहे’ असे स्पष्ट वाक्य घालावे. आपल्या प्रकरणात यामुळे ५२० शब्दांचे २४० शब्द उरतात. याहून जास्त कापू नये. जुना लेख हाती नसलेल्या वाचकालाही काय केले ते कळले पाहिजे.

तक्ता १ मध्ये शब्द सर्वांत कमी जुळतात, पण अडचण सर्वांत मोठी आहे. जुना तक्ता २४० परिचारिकांचा आहे आणि नव्या विश्लेषणात १९८ जणी आहेत. तो तसाच उचलल्यामुळे विश्लेषण ज्यांचे नाही त्यांचीही माहिती लेखात आली आहे. तिथे १९८ जणींची माहिती नव्याने काढून, मध्येच गळालेल्या ४२ जणींची माहिती शेजारी द्यायला हवी. तशी दिल्यास गळालेल्या परिचारिका आधीपासूनच वेगळ्या होत्या का, हेही वाचकाला तपासता येते. त्याचबरोबर ही मूळ माहिती आधी प्रसिद्ध झाल्याचे तक्त्याखाली लिहावे. हे न सांगितल्यास अनेक अभ्यास एकत्र करून विश्लेषण करणारा संशोधक या दोन लेखांना दोन स्वतंत्र गट समजेल आणि त्याच परिचारिका दोनदा मोजेल. आधी प्रसिद्ध झालेली माहिती न सांगता पुन्हा देण्याला संपादक इतके गांभीर्याने घेतात, ते या कारणासाठी.

मर्यादांच्या परिच्छेदात वेगळाच दोष आहे. त्यात ‘एकाच वेळच्या पाहणीमुळे आधी झोप बिघडली की आधी रक्तदाब वाढला, हे सांगता येत नाही’ असे वाक्य आहे. पहिल्या लेखात ते बरोबर होते. बारा महिन्यांनी पुन्हा मोजणी केलेल्या लेखात ते लागू पडत नाही. इथली खरी मर्यादा ४२ जणी गळाल्याची आहे. हा परिच्छेद संपूर्णपणे नव्याने लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. चर्चा आणि निष्कर्ष या विभागांतली पुनरावृत्ती तपासताना केवळ शब्द पाहू नयेत; प्रत्येक वाक्य नव्या अभ्यासाबद्दल अजून खरे आहे का, हे विचारावे.

प्रस्तावनेबाबत फार बोलण्यासारखे नाही. आढावा नव्या प्रश्नाच्या अंगाने पुन्हा लिहावा आणि आधीच्या लेखाचा निष्कर्ष तिथेच, संदर्भासह, स्पष्ट मांडावा.

थांबून विचारावे: जुळणारा भाग वगळल्यावर स्वतंत्र प्रश्न, स्वतंत्र माहिती आणि स्वतंत्र उत्तर उरते का? उरत नसेल, तर हे मजकुराच्या साम्याचे प्रकरण नसून तोच लेख दुसऱ्यांदा देण्याचे आहे. अशा वेळी पत्र कितीही सफाईने लिहिले तरी उपयोग नाही. सहलेखकांशी बोलून, कारण देऊन मसुदा मागे घेण्याची परवानगी संपादकांकडे मागणे हाच सरळ मार्ग.

५. हक्क आणि जुने सहलेखक

आधीच्या लेखाच्या वेळी सही केलेला स्वामित्वहक्काचा करार शोधून काढावा. तो लेख श्रेयनिर्देशाच्या खुल्या परवान्याखाली असेल, तर योग्य श्रेय देऊन मजकूर आणि आकृत्या पुन्हा वापरता येतात. स्वामित्वहक्क प्रकाशकाकडे दिलेला असेल, तर लेखकांना पुनर्वापराची किती मुभा आहे ते करारात पाहावे व शंका असल्यास प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी. मात्र परवानगी मिळाली म्हणजे पुनरावृत्ती उघड सांगण्याची जबाबदारी संपली असे नाही. हक्काचा प्रश्न प्रकाशकाशी सुटतो, पारदर्शकतेचा प्रश्न वाचकाशी.

आता एक मुद्दा, जो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. दोन्ही लेखांची लेखकयादी ताडून पाहावी. आपल्या प्रकरणात प्रश्नावलीचा भाग ज्या सहकाऱ्याने लिहिला होता, त्याचे नाव नव्या लेखात नाही. तेव्हा त्या भागाला ‘आमचाच मजकूर’ म्हणता येत नाही. त्या सहकाऱ्याला कळवून लेखी संमती घ्यावी आणि ऋणनिर्देशात नेमके काय घेतले ते नोंदवावे. त्याचे नव्या लेखातले योगदान लेखकत्वाच्या निकषांत बसत असेल, तर तो वेगळा आणि आधी सोडवायचा प्रश्न आहे. केवळ तडजोड म्हणून नाव घालू नये.

६. आधी मसुदा सुधारावा, मग पत्र लिहावे

पत्रात ‘सुधारणा करू’ असे भविष्यकाळात लिहिले, तर संपादकांच्या हाती काहीच येत नाही. आधी बदल दाखवणारी प्रत आणि स्वच्छ प्रत तयार करावी. मगच पत्र लिहायला बसावे, म्हणजे प्रत्येक वाक्यासमोर पृष्ठ-क्रमांक देता येतो. पत्र एक ते दीड पानांत बसवावे. क्रम असा: निरीक्षण मान्य करणे, दोन्ही लेखांचे नाते, नवे काय, जागानिहाय बदल, हक्क, इतर संबंधित लेख, जोडपत्रे. नमुना पुढीलप्रमाणे:

> विषय: मसुदा क्र. …, मजकूर-साम्याबाबत आपल्या दि. … च्या पत्राचे उत्तर
>
> माननीय संपादक,
> स. न. वि. वि.
>
> आमच्या मसुद्यातील काही मजकूर आमच्या आधीच्या लेखाशी (संदर्भ ७) जुळतो, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. मसुदा पाठवताना आम्ही त्या लेखाची प्रत जोडली नाही आणि पुनरावृत्तीचा उल्लेखही केला नाही. तो करायला हवा होता. याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
>
> दोन्ही लेख एकाच गटाच्या पाहणीवर आधारलेले आहेत. आधीच्या लेखात २४० परिचारिकांच्या झोपेची गुणवत्ता आणि रक्तदाब यांचा एकाच वेळचा संबंध तपासला होता. प्रस्तुत मसुद्यात त्यांपैकी १९८ जणींच्या रक्तदाबात बारा महिन्यांत झालेला बदल तपासला आहे. ही दुसरी मोजणी व तिचे विश्लेषण यापूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेले नाही.
>
> आम्ही केलेले बदल असे आहेत:
> (१) प्रस्तावना, पृ. २–३: दोन्ही परिच्छेद नव्याने लिहिले असून आधीच्या लेखाचा निष्कर्ष संदर्भासह नमूद केला आहे.
> (२) पद्धती, पृ. ५–६: सहभागींच्या निवडीचे वर्णन संक्षिप्त केले आहे. मोजणी व प्रश्नावली यांचे वर्णन अचूकतेसाठी जवळजवळ तसेच ठेवले आहे व ते आधीच्या लेखातून घेतल्याचे विभागाच्या आरंभी सांगितले आहे.
> (३) तक्ता १, पृ. ८: मूळ तक्ता काढून १९८ सहभागी व ४२ गळालेल्या परिचारिका यांची माहिती स्वतंत्रपणे दिली आहे. ही माहिती अंशतः पूर्वप्रसिद्ध असल्याचे तक्त्याखाली नोंदवले आहे.
> (४) चर्चा, पृ. १३: मर्यादांचा परिच्छेद प्रस्तुत अभ्यासाला अनुसरून नव्याने लिहिला आहे. आधीच्या परिच्छेदातील एक विधान या अभ्यासाला लागू नव्हते.
>
> आधीच्या लेखाचा स्वामित्वहक्क प्रकाशकाकडे आहे. पद्धतींतील उताऱ्यांच्या पुनर्वापरासाठी घेतलेली लेखी परवानगी जोडली आहे. प्रश्नावलीचे वर्णन मूळतः लिहिणारे आधीच्या लेखाचे एक लेखक प्रस्तुत मसुद्याचे लेखक नाहीत. त्यांची संमती घेतली असून ऋणनिर्देशात तशी नोंद केली आहे.
>
> याच गटातील परिचारिकांच्या आहाराविषयीचा आमचा एक लेख दुसऱ्या नियतकालिकाकडे विचाराधीन आहे. त्याची प्रत आपल्या गोपनीय माहितीसाठी सोबत पाठवत आहोत.
>
> हे पत्र व सुधारित मसुदा सर्व लेखकांनी वाचून मान्य केला आहे. आधीचा लेख, तुलनेचा तक्ता, बदल दाखवणारी प्रत आणि स्वच्छ प्रत जोडली आहे.
>
> आपला विश्वासू,
> (संपर्क-लेखक, सर्व लेखकांच्या वतीने)

दिलगिरीचे वाक्य कर्तरी ठेवावे. ‘उल्लेख राहून गेला’ असे म्हटले की तो कोणाकडून राहिला हे लपते, आणि संपादकांच्या ते लगेच लक्षात येते. एकदा दिलगिरी पुरते. दर परिच्छेदात ती पुन्हा व्यक्त केल्याने पत्र लांबते आणि खुलासा झाकला जातो. मसुदा तयार करणाऱ्या विद्यार्थ्यावर किंवा कनिष्ठ सहकाऱ्यावर दोष ढकलणे तर पूर्णपणे टाळावे, कारण सही करणाऱ्या प्रत्येकाने मसुदा मान्य केलेला असतो. ‘सगळेच असे करतात’, ‘आपल्याच नियतकालिकात असे लेख आले आहेत’ ही वाक्येही पत्रात नकोत. सुधारणेनंतरचा साम्याचा नवा आकडा हा मुख्य पुरावा म्हणून देऊ नये. त्यामुळे तुम्ही केवळ आकड्यासाठी काम केले, असे वाटते.

आहाराविषयीच्या तिसऱ्या लेखाचा परिच्छेद वगळावा, असे एखादा सहलेखक हमखास सुचवतो. तो वगळू नये. एकाच पाहणीतून किती लेख निघत आहेत हे संपादकांना कळले, तरच माहितीचे तुकडे पाडून लेखांची संख्या वाढवली जात आहे की प्रत्येक लेखाचा प्रश्न वेगळा आहे, हे त्यांना ठरवता येते.

७. पाठवण्यापूर्वी आणि नंतर

पाठवण्यापूर्वी पत्रातला प्रत्येक पृष्ठ-क्रमांक स्वच्छ प्रतीवर प्रत्यक्ष उघडून पाहावा. बदल दाखवणाऱ्या प्रतीत पाने सरकतात आणि क्रमांक चुकतात. पत्रात आहे तो प्रत्येक बदल मसुद्यात आणि मसुद्यातला प्रत्येक महत्त्वाचा बदल पत्रात असल्याची खात्री करावी. सहलेखकांची मान्यता तोंडी घेऊ नये, ती लेखी असावी.

विचारणा प्रसिद्ध झालेल्या लेखाबद्दल असेल, तर पत्राचा गाभा तोच राहतो, पण लेखात थेट बदल करता येत नाही. तेव्हा सुधारित मसुद्याऐवजी शुद्धिपत्राचा प्रस्तावित मजकूर द्यावा आणि त्यात आधीच्या लेखाचा संदर्भ व पुनरावृत्तीच्या जागा सांगाव्यात. पुनरावृत्ती निष्कर्षांपर्यंत पोहोचत असेल, तर संपादक लेख मागे घेण्याचाही निर्णय घेऊ शकतात. त्यावर मत मांडताना वस्तुस्थितीपुरते बोलावे.

उत्तर गेल्यावर पाठपुराव्याची घाई करू नये. संपादकांनी दिलेली मुदत उलटल्यावर एक विचारणा पुरेशी आहे. खुलासा मान्य करूनही त्यांनी मसुदा नाकारला, तर सुधारित मसुदा दुसरीकडे पाठवताना आधीच्या लेखाची प्रत आणि तुलनेचा तक्ता पहिल्याच पत्रासोबत जोडावा, आणि पद्धती कोणत्या लेखातून घेतल्या ते त्या पत्राच्या दुसऱ्याच परिच्छेदात सांगावे.